सूरह अर्-रहमानची वाचनपत्रिका: शेवटच्या 'आन'च्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

काम ठरलं. आमच्या अरबी वाचनगटासाठी कुराणाच्या ५५व्या सूरहची, म्हणजे अर्-रहमानची, देवनागरी वाचनपत्रिका करायची. गटातले बरेच जण शाळेत संस्कृत शिकलेले आहेत, एक निवृत्त संस्कृत शिक्षक तर नियमित येतात. अरबी लिपी सगळ्यांना अजून सरावाची नाही. पत्रिकेत प्रत्येक आयतीच्या दोन ओळी असतील. वरची वक़्फ़ची, म्हणजे आयतीच्या शेवटी थांबून वाचताना जसं ऐकू येतं तशी. खालची वस्लची, म्हणजे न थांबता पुढच्या आयतीला जोडून वाचताना जसं होतं तशी.

हीच सूरह का, तर सगळा खेळ तिच्यात एकाच आवाजावर चालतो. ७८ आयतींपैकी ३१ आयती म्हणजे एकच पालुपद: 'फ़बिअय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज़्ज़िबान', मग तुम्ही दोघे आपल्या प्रभूच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल? हे 'दोघे' म्हणजे माणसं आणि जिन्न. क्रियापदाचा शेवट द्विवचनाचा आहे आणि सूरहच्या बहुतेक आयतीही 'आन' किंवा त्याच्या जवळच्या आवाजावर टेकतात. प्रश्न असा की, कानाला सारखे वाटणारे हे सगळे 'आन' व्याकरणात किती वेगळे आहेत, आणि थांबल्यावर तो वेगळेपणा कुठे जातो.

पहिल्या नऊ आयतींचे शेवटचे शब्द आज मांडले. अरबी नामाला तीन विभक्त्या. कर्त्याची रफ़अ, तिचा स्वर उ. कर्माची नस्ब, तिचा अ. शब्दयोगी अव्ययानंतरची आणि संबंधाची जर्र, तिचा इ. जोडून वाचलं तर १: अर्-रहमानु. २, ३, ४: अल्-क़ुरआन, अल्-इन्सान, अल्-बयान, तिघांच्याही शेवटी ऱ्हस्व अ. ५: बिहुस्बानिन, जर्र आणि वर अनिश्चिततेचा 'न', म्हणजे तन्वीन. ६: यस्जुदानि, हे क्रियापद आहे, 'ते दोघे नमन करतात'. ७: अल्-मीज़ान, पुन्हा अ. ८: फ़िल्-मीज़ानि. ९: अल्-मीज़ान, अ.

एकदा उ, पाचदा अ, एकदा इ, एकदा इन, आणि सहाव्या आयतीत द्विवचनाचा इ. जोडून वाचताना यमक जेमतेम उरतं. थांबलं की शेवटचा ऱ्हस्व स्वर गळतो, तन्वीनही गळते, आणि नऊच्या नऊ आयती 'आन'वर येऊन उभ्या राहतात. म्हणजे यमक लिहिलेल्या शब्दात नाही, थांबण्यात आहे. कुराणाच्या आयतीतल्या या अंत्य यमकाला जुने विद्वान क़ाफ़िया म्हणत नाहीत, फ़ासिला म्हणतात. क़ाफ़िया कवींचा.

१५ जानेवारी

वस्लची ओळ देवनागरीत लिहिताना अडचण येणार हे माहीत होतं, पण ती नेमकी मराठीमुळे येते हे मजेशीर आहे. 'बयान' असं लिहिलं की मराठी वाचक शेवटचा अ उच्चारतच नाही. म्हणजे वक़्फ़ची ओळ मराठी सवयीने आपोआप बरोबर वाचली जाते, पाय मोडायचीही गरज नाही. पण वस्लमध्ये तोच अ हवा असतो आणि तो लिहून दाखवायची सोय आपल्या नेहमीच्या लेखनात नाही. इ आणि उ यांची कथा उलटी. मराठी लेखनाच्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहायचे, म्हणून डोळ्यालाही दीर्घाचीच सवय. 'तुकज़्ज़िबानि' समोर ठेवलं की गटातले निम्मे लोक 'बानी' म्हणतात. अरबीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, तेव्हा हे चालवून घेता येत नाही.

ठरवलेला तोडगा: वस्लच्या ओळीत शेवटच्या अ साठी अवग्रह, 'अल्-बयानऽ'. ओव्या-श्लोक छापताना अवग्रह हेल दाखवायला वापरतात, इथे तो फक्त 'हा अ उच्चारा' एवढंच सांगतो. शेवटच्या इ-उ खाली बारीक रेघ, म्हणजे इथे ऱ्हस्व. वक़्फ़च्या ओळीत कोणतीच खूण नाही.

शिक्षक म्हणाले, "आमच्याकडे पितरौ म्हटलं की औ थांबल्यावरही औच राहतो. तुमचं द्विवचन थांबल्यावर अर्धं गिळलं जातं की!" खरं आहे. अरबी द्विवचनाचा प्रत्यय 'आनि', त्यातला इ गेला की उरतो 'आन', आणि तो इतर डझनभर 'आन'मध्ये मिसळून जातो.

१९ जानेवारी

आज 'आन' कुठून कुठून येतो ते पाहिलं. पालुपद बाजूला ठेवलं तर ४७ आयती उरतात. त्यातल्या १२ द्विवचनावर संपतात: ११ 'आन'वर, एक 'ऐन'वर. ती एक म्हणजे १७वी, 'रब्बुल्-मश्रिक़ैनि व रब्बुल्-मग़्रिबैन', दोन पूर्वांचा आणि दोन पश्चिमांचा स्वामी. रफ़अमध्ये नसलेलं द्विवचन नेहमी 'ऐनि' घेतं, म्हणून इथे यमक जरा सरकलंय.

यातून एक गोष्ट दिसते. द्विवचन यमकाच्या जागी 'आन' म्हणून यायचं असेल तर त्याला व्याकरणात ठरावीकच जागा मिळते. नाम असेल तर ते रफ़अमध्ये असावं लागतं. क्रियापद असेल तर साध्या वर्तमानाचं, कारण नकारार्थी आज्ञेत शेवटचा 'नि' पूर्ण गळतो. २०व्या आयतीत दोन समुद्रांबद्दल म्हटलंय, 'बैनहुमा बर्ज़ख़ुन ला यब्ग़ियान', दोघांमध्ये आडपडदा आहे, ते तो ओलांडत नाहीत. हा 'ला' नुसता नकार आहे. मनाई असती तर 'ला यब्ग़िया' झालं असतं आणि आयत 'आ'वर संपली असती. ३५व्या आयतीतल्या 'फ़ला तन्तसिरान'चंही तेच.

उलट बाजूने, एक व्याकरणरूप या सूरहच्या शेवटी येऊच शकत नाही: अनिश्चित नस्ब. इतर तन्वीन थांबल्यावर गळते, पण 'अन' थांबल्यावर 'आ' होतो. याचं आयतं उदाहरण मिळालं. सूर्य-चंद्राबद्दलचाच 'हुस्बान' हा शब्द, म्हणजे हिशोब, सहाव्या सूरहच्या ९६व्या आयतीत नस्बमध्ये येतो: 'वश्-शम्सऽ वल्-क़मरऽ हुस्बानन'. तिथे थांबलं तर 'हुस्बाना'. अर्-रहमानच्या पाचव्या आयतीत त्याच दोघांबद्दल तोच शब्द 'बि' लावून येतो, थांबल्यावर 'हुस्बान', आणि ओळीत बसतो. यमकासाठी 'बि' आला असं मी लिहिणार नाही, दोन्ही रचना अरबीत स्वाभाविक आहेत. पण 'बि'शिवाय ही आयत इथे बसली नसती एवढं नक्की.

२० जानेवारी

आता मुख्य गोंधळ. ४६व्या आयतीपासून बागांचं वर्णन सुरू होतं आणि एकामागून एक द्विवचनं येतात. जन्नतान, दोन बागा. ५०: 'फ़ीहिमा ऐनानि तज्रियान', त्या दोन्हींत दोन झरे वाहतात. ५२: ज़ौजान, प्रत्येक फळाच्या दोन जाती. कान द्विवचनाला सरावतो. आणि मग ५४वी आयत संपते 'व जनल्-जन्नतैनि दान' अशी. नवखा ऐकणारा इथे हमखास 'दोन काहीतरी' शोधायला लागतो.

'दान' द्विवचन नाही. मूळ शब्द 'दानिन', अर्थ जवळ आलेला, हाताशी असलेला. धातू द-न-व. शेवटचा दुबळा वर्ण तन्वीनपुढे टिकत नाही, थांबल्यावर तन्वीनही जाते, उरतो 'दान'. दोन्ही बागांची फळं हाताशी आहेत, एवढाच अर्थ. अशाच घडणीचे आणखी दोन शब्द सूरहमध्ये आहेत. २६व्या आयतीत 'फ़ान', नाश पावणारा, आणि ४४व्यात 'आन', उकळत्या पाण्याचं विशेषण.

ओळखायची खूण सरळ आहे आणि ती पत्रिकेच्या समासात घालणार आहे. अशा दुबळ्या शेवटाच्या शब्दाचं खरं द्विवचन झालं की लपलेला 'य' परत येतो: दानियान, फ़ानियान. सूरहमधली क्रियापदंही हेच दाखवतात: यल्तक़ियान, यब्ग़ियान, तज्रियान, तिन्हींत 'इयान'. तेव्हा दुबळ्या धातूचा शब्द आणि शेवटी नुसता 'आन' दिसला, तर ते एकवचन.

सगळ्या शब्दांना मात्र ही खूण लागत नाही. 'आन' काढून मागे अर्थपूर्ण शब्द उरतो का, ही युक्ती गटातल्या एका ताईंनी सुचवली. जन्नत उरतो, ज़ौज उरतो, रय्हानमधून मात्र काही हाती लागत नाही. पण २२व्या आयतीत युक्ती फसते. 'यख़्रुजु मिन्हुमल्-लुअ्लुउ वल्-मर्जान', त्या दोन्ही समुद्रांतून मोती आणि पोवळं निघतं. 'मर्ज' हा खरोखरच शब्द आहे, कुरण. म्हणून थांबलेला 'अल्-मर्जान' रूपाने 'दोन कुरणं'ही असू शकतो. समुद्रातून कुरणं निघत नाहीत हा समजुतीचा भाग, पण व्याकरणाचा निवाडा वस्लमध्ये होतो. पोवळं असेल तर 'मर्जानु', दोन कुरणं असती तर 'मर्जानि'. खालची ओळ छापायचं हे सगळ्यात सबळ कारण.

२६ जानेवारी

वक़्फ़ची रूपं हाताने लिहिण्याऐवजी स्वरचिन्हांसहित पाठावर छोटी आज्ञावली चालवली. नियम दोनच. शेवटी 'अन' अधिक अलिफ़ असेल तर 'आ' करा. नाहीतर शेवटचा ऱ्हस्व स्वर किंवा तन्वीन काढून सुकून, म्हणजे स्वर नसल्याची खूण, लावा.

```python
import re
def waqf(s):
    s = re.sub("\u064B\u0627$", "\u064E\u0627", s)
    return re.sub("[\u064C-\u0650](\u0651?)$", "\\1\u0652", s)
```

शेवटच्या ओळीतल्या कंसाचं कारण 'जान्न' हा शब्द, म्हणजे जिन्न. ३९, ५६ आणि ७४ या आयती त्यावर संपतात. त्याचा शेवटचा न दुहेरी आहे, त्यावर शद्दा, म्हणजे दुहेरीपणाची खूण, आणि तन्वीन दोन्ही. आपण शद्दा आधी टंकतो, स्वर नंतर. पण पाठ `NFC` रूपात आणला की युनिकोडच्या क्रमाप्रमाणे स्वर आधी जातो आणि शद्दा सगळ्यात शेवटी. मग 'शेवटचा स्वर काढा' म्हणणाऱ्या साध्या नियमाला शेवटी स्वर सापडतच नाही, तो शब्द जसाच्या तसा सोडतो, आणि चूक कुठेच सांगत नाही. तपासायचं असेल तर सगळ्या आयतींच्या शेवटचं चिन्ह कोणतं ते मोजावं. सुकून किंवा अलिफ़ सोडून काही दिसलं की तिथे गडबड. कंसातला वैकल्पिक शद्दा दोन्ही क्रम सांभाळतो.

आज्ञावलीला द्विवचन कळत नाही, कळायची गरजही नाही. वक़्फ़ व्याकरण बघून होत नाही, शेवटच्या चिन्हावरून होतो. म्हणून तर तो सगळ्यांना एका पातळीवर आणतो.

१ फेब्रुवारी

नीट पठण शिकलेल्या एका आपांना बोलावलं होतं. त्यांनी वाचून दाखवल्यावर कळलं की, वक़्फ़मध्ये सगळे 'आन' सारखेच ऐकू येतात हे पूर्णपणे खरं नाही.

थांबल्यावर शेवटचा न निःस्वर होतो, आणि त्याच्या आधीचा आ ताणायची मुभा मिळते: दोन, चार किंवा सहा मात्रा. याला मद्द आरिज़ म्हणतात, थांबल्यामुळे आलेली लांबी. वाचकाने एक माप धरलं की शेवटपर्यंत तेच ठेवायचं. 'तुकज़्ज़िबान', 'बयान', 'दान' सगळे त्या मापात. पण 'जान्न'चा न मुळातच दुहेरी आहे, त्याला मद्द लाज़िम, नेहमी सहा मात्रा, थांबा किंवा थांबू नका, आणि नाकात घुमणारा न. आपा चारचं माप धरून वाचत होत्या, त्यामुळे ३९व्या आयतीचा शेवट इतरांहून स्पष्ट लांब पडला. सहाचं माप धरणाऱ्या वाचकाकडे लांबीतला हा फरक राहत नाही, फक्त नाकातला न उरतो.

दुसरा फरक बारीक आहे. वक़्फ़ करताना पूर्ण सुकूनऐवजी रौम करता येतो, म्हणजे शेवटच्या स्वराचा पुसट अंश उच्चारायचा. तो उ आणि इ ला चालतो, अ ला नाही. त्यामुळे रौमने वाचलेल्या 'तुकज़्ज़िबान'मध्ये जवळ बसलेल्याला इ ची चाहूल लागते, 'अल्-बयान'मध्ये काहीच नाही. रौम केला की आ ताणायचा नाही, वस्लसारखा दोनच मात्रांचा ठेवायचा. इश्माम त्याहून सूक्ष्म. फक्त उ साठी ओठांचा चंबू, आवाज नाही. तो बघणाऱ्याला कळतो, ऐकणाऱ्याला नाही. रोजच्या पठणात बहुतेक जण सुकूनच करतात, पण शास्त्राने दार बंद केलेलं नाही.

आपांनी आणखी एक दाखवलं. १२वी आयत 'वल्-हब्बु ज़ुल्-अस्फ़ि वर्-रय्हान', भुसा असलेलं धान्य आणि सुगंधी वनस्पती. मान्य क़िराअतींमध्ये, म्हणजे पठणाच्या परंपरांमध्ये, या शेवटच्या शब्दाच्या तिन्ही विभक्त्या आहेत. बहुतेक वाचक 'रय्हानु' घेतात, हम्ज़ा आणि किसाई 'रय्हानि', इब्न आमिर 'रय्हानऽ'. अर्थाची जोडणी तिन्हींत बदलते: सुगंधी वनस्पती वेगळी उगवते, की 'भुसा आणि सुगंध दोन्ही असलेलं धान्य' असा तो धान्याचाच भाग. आयतीवर थांबलं की तिघेही 'रय्हान'. अर्थाचा फरक फक्त वस्लमध्ये ऐकू येतो, किंवा इब्न आमिरच्या बाबतीत आयतीच्या सुरुवातीलाच, कारण तो 'हब्बऽ ज़ल्-अस्फ़ि' वाचतो. पत्रिकेत १२व्या आयतीला खालच्या ओळी तीन असतील.

९ फेब्रुवारी

आज मी ज्याची वाट बघत होतो तो वाद.

४६वी आयत: 'व लिमन ख़ाफ़ऽ मक़ामऽ रब्बिहि जन्नतान'. जो आपल्या प्रभूसमोर उभं राहण्याला भ्यायला, त्याला दोन बागा. दोनच का? कूफ़ाचा व्याकरणकार अल्-फ़र्रा (मृत्यू ८२२) आपल्या अर्थविवरणात आधी भाष्यकारांचं मत देतो की, या स्वर्गातल्या दोन बागा आहेत. मग म्हणतो, अरबीत ही एकच बागही असू शकते, कारण अरब आपल्या काव्यात एकाचं द्विवचन करतात. कवितेला यमकं आहेत आणि यमकाच्या गरजेपोटी भर घालणं, गाळणं चालतं, जे गद्यात चालत नाही. ७९व्या सूरहमध्ये जवळपास याच माणसाबद्दल बोलताना जन्नत एकवचनी आहे, हा मुद्दाही या मताच्या बाजूने मांडला गेला.

इब्न क़ुतैबा (मृत्यू ८८९) यावर चांगलाच भडकला. आयतीच्या शेवटी काय चालतं हे त्याला मान्य होतं: एखादा निःश्वासी ह जोडणं, अलिफ़ वाढवणं, एखादा स्वर गाळणं. उदाहरणं कुराणातच आहेत. ३३व्या सूरहमध्ये 'अज़्-ज़ुनूना', जिथे अल् लावलेल्या शब्दाला नियमाने 'आ' मिळायला नको. ८९व्यात 'यस्र', जिथे 'यस्री' हवं. पण हे सगळं आवाजाचं झालं. दोन बागांचं वचन दिलेलं असताना यमकासाठी ती एक ठरवणं म्हणजे मजकूर बदलणं. त्याचा टोला असा की, मग कोणी म्हणेल, नरकाचे रखवालदार खरे वीस, आयतीच्या शेवटासाठी एकोणीस केले! आणि त्याचा पुरावा आयतींच्या आत आहे. पुढे बागांचं वर्णन 'ज़वाता अफ़्नान' आणि 'फ़ीहिमा' असं येतं.

माझं मत इब्न क़ुतैबाकडे झुकतं, पण त्याच्या रागामुळे नाही. 'ज़वाता' आणि 'फ़ीहिमा' कुठे आहेत ते बघा. ४८वी आयत: 'ज़वाता अफ़्नान', दोघी फांद्यांनी भरलेल्या. यमक 'अफ़्नान'वर आहे, आणि तो शब्द द्विवचन नाही, 'फ़नन'चं अनेकवचन आहे. द्विवचन 'ज़वाता' सुरुवातीला आहे, आणि त्याचा 'नि'ही गळलाय, कारण पुढे संबंधी नाम आहे. एकवचनी 'ज़ातु अफ़्नान' म्हटलं असतं तरी यमक तसंच राहिलं असतं. ५०, ५२मध्ये 'फ़ीहिमा'ऐवजी 'फ़ीहा' चाललं असतं. ५४मध्ये 'जनल्-जन्नतैनि' आयतीच्या आत, यमकापासून दूर. म्हणजे जिथे यमकाची काहीच सक्ती नाही तिथेही द्विवचन टिकून आहे. यमकासाठी उसनं घेतलेलं द्विवचन आयतीच्या मध्यावर कशाला येईल?

हीच कसोटी फ़र्राच्या काव्यपुराव्याला लावली. त्याने दिलेल्या रजज़ वृत्तातल्या ओळीत 'महमहैनि', दोन ओसाड माळ, असं द्विवचन आहे, आणि पुढे क्रियापदाला सर्वनाम एकवचनी: 'क़तअ्तुहु', मी तो पार केला. म्हणून तो म्हणतो, माळ एकच. कसोटी तीच, ओळीच्या आतलं सर्वनाम. कवितेत ते एकवचनी म्हणून द्विवचन दिखाऊ, कुराणात ते द्विवचनी म्हणून द्विवचन खरं. म्हणजे फ़र्राचा दाखला त्याच्याच विरुद्ध जातो. शिवाय दाखलाही डळमळीत आहे. ख़िताम अल्-मुजाशिईच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या याच ओळी दुसऱ्या परंपरेत 'जुब्तुहुमा' अशा द्विवचनी सर्वनामाने येतात, आणि व्याकरणकार सीबवैहीने दिलेल्या ओळीत 'ज़हराहुमा', त्या दोघांच्या पाठी, असं आहे. तिथे माळ खरेच दोन.

फ़र्रावर अन्याय नको. त्याने भाष्यकारांचं मत आधी दिलं होतं, आणि आपलं 'असूही शकतं' असं मांडलं होतं. पुढे अल्-सुयूतीसारख्यांच्या संग्रहांत ते 'फ़ासिल्यासाठी केलेल्या बदलां'च्या यादीत एका ओळीत आलं, तेव्हा त्यातली शंका बरीच पातळ झाली. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक नोल्डेकेनेही यमकाकडेच बोट दाखवलं. १९७७मध्ये कुराणाचा अभ्यासक वान्सब्रोने दोन बागांच्या दोन वर्णनांत (४६ ते ६१ आणि ६२ ते ७६) एकाच कथनाची दोन रूपं शेजारी ठेवलेली पाहिली. तो प्रश्न वेगळा, कारण तिथे बागांच्या दोन जोड्या आहेत. त्यात मी पडणार नाही. पत्रिकेला हवा तो निर्णय झाला: 'जन्नतान'वर खूण 'खरं द्विवचन', आणि पुराव्याची सर्वनामं आयतींच्या आत अधोरेखित.

१६ फेब्रुवारी

मसुदा गटात वाचला. शिक्षकांनी लगेच ५६वी आयत काढली. "आतली सर्वनामं द्विवचनी म्हणता, मग इथे फ़ीहिन्नऽ कसं? हे तर स्त्रीलिंगी अनेकवचन." बरोबर पकडलं. 'फ़ीहिन्नऽ क़ासिरातुत्-तर्फ़', त्यांत नजर झुकवलेल्या स्त्रिया. दोन बागांना 'त्यांत' असं अनेकवचन, आणि ७०व्या आयतीत पुन्हा तेच. भाष्यकारांची उत्तरं निरनिराळी आहेत. काही म्हणतात, सर्वनाम बागांतल्या अनेक ठिकाणांकडे जातं. काही ते ५४व्या आयतीतल्या 'फ़ुरुश'कडे, बैठकींकडे, नेतात, पण ७०व्या आयतीच्या आसपास फ़ुरुश नाहीत, तेव्हा ते उत्तर तिथे पुरत नाही.

माझ्या मांडणीला याने तडा जात नाही असं मला वाटतं. अनेकवचन आलं ते स्त्रियांचा उल्लेख सुरू होतो तिथे, आणि दोन्ही वर्णनांत त्याच जागी. शिवाय ३१व्या आयतीत माणसं आणि जिन्न यांना 'सक़लान' हे द्विवचन आहे, आणि त्याच आयतीत 'लकुम', तुम्हा सगळ्यांसाठी, हे अनेकवचनही. ३३मध्ये 'इनिस्ततअ्तुम', तुम्हाला जमत असेल तर, पुन्हा अनेकवचन. दोन गट म्हटले की द्विवचन, गटांतली माणसं म्हटली की अनेकवचन, हे अरबीत नेहमीचं. पत्रिकेत ५६ आणि ७० ला 'अनेकवचन' एवढीच खूण राहील, कारण देत बसणार नाही.

२३ फेब्रुवारी

मधल्या काळात उलटं उदाहरण सापडलं: थांबण्यातून द्विवचनासारखं दिसणारं रूप. इस्लामपूर्व कवी इम्रुउल्-क़ैसच्या मुअल्लक़ा या दीर्घ कवितेचा पहिला शब्द 'क़िफ़ा', थांबा. सरळ अर्थ 'तुम्ही दोघे थांबा', दोन सोबत्यांना. काही जुन्या टीकाकारांचं म्हणणं असं की, सोबती एकच, आणि मूळ रूप 'क़िफ़न', जोर दाखवणारा हलका न लावलेली आज्ञा. तो न थांबताना 'आ' होतो आणि कवीने वस्लमध्येही वक़्फ़चंच रूप ठेवलं. नियम खरा आहे. कुराणात ९६व्या सूरहमध्ये 'लनस्फ़अन' हा शब्द अलिफ़ने लिहिलाय आणि थांबलं तर 'लनस्फ़आ' वाचतात. ५०व्या सूरहमधल्या 'अल्क़िया', तुम्ही दोघे फेका, याबद्दलही हीच शंका काढली गेली.

पण 'क़िफ़ा' ओळीच्या सुरुवातीलाच आहे, तिथे थांबायचं कारण नाही. दोन सोबत्यांना हाक मारणं तर जुन्या अरबी कवितेत इतकं सर्रास आहे की, वेगळं स्पष्टीकरण शोधायची गरज वाटत नाही. पत्रिकेच्या मागच्या पानावर दोन ओळींत हे येईल, एवढंच.

२ मार्च

छपाईच्या आधी आयतींची मोजणी ठरवायची राहिली होती, कारण आयत जिथे संपते तिथे वक़्फ़ची ओळ. कूफ़ा आणि शामच्या मोजणीत ७८ आयती, मक्का-मदिनेच्या ७७, बसऱ्याच्या ७६. फरक पाच जागांवर. आपल्या कामाला लागणाऱ्या त्यांपैकी दोन. ३५व्या आयतीत 'शुवाज़ुन मिन नार'वर मक्का-मदिनेवाले आयत संपवतात, कूफ़ावाले नाही. आणि ४३व्या आयतीचा 'अल्-मुज्रिमून' बसऱ्यात आयतीचा शेवट मानत नाहीत. तो 'ऊन'वर संपतो, 'आन'च्या रांगेत खटकतो. कारण तेच असेल असं मला वाटतं, पण मोजण्या परंपरेने आलेल्या आहेत, यमकावरून काढलेल्या नाहीत, म्हणून पत्रिकेत तसं लिहिणार नाही.

गटातले सगळे हफ़्सच्या पाठाचे आहेत, म्हणून कूफ़ाची मोजणी धरली. वर्शचा पाठ ऐकणाऱ्यांसाठी ३५व्या आयतीत 'नार'पुढे तुटक रेघ आणि वक़्फ़चं रूप समासात. छापखान्याला नमुना पान गेलंय. अवग्रह नीट उमटतोय, ऱ्हस्वाखालची रेघ मात्र त्यांच्या टंकात पुढच्या अक्षराखाली सरकते आहे. त्यांना दुसरा टंक लावून बघायला सांगितलंय.